मधल्या मुक्कामाची भाषा

काही वर्षे माझा मुक्काम कानपूरला होता. तिथे आमच्या शेजारी एक मराठी गृहस्थ राहत असत. 1974 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते साताऱ्याहून नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि निवृत्तीनंतरही तिथेच राहिले. त्यांचे हिंदी ओघवते होते. भाजीवाल्याशी घासाघीस करावी, मुशायऱ्याला जाऊन दाद द्यावी, गल्लीतल्या भांडणात मध्यस्थी करावी, हे सारे ते हिंदीतच करीत आणि मोठ्या रंगात येऊन करीत. परंतु पहिल्या पाचच मिनिटांत ते एखादे असे वाक्य बोलून जात, की ऐकणाऱ्याला त्यांचे गाव कळावे. ‘मैं कल ही चिट्ठी लिखी.’ ‘मैं तो सुबह ही चाय पी.’

नोकरीत असताना एका सभेत त्यांच्या अशाच एका वाक्यावर कोणीसे हसले होते. ‘इतकी वर्षे इथे काढून एवढेही येत नाही’ असा त्या हसण्याचा अर्थ होता, आणि तो त्यांना नेमका कळला. त्यानंतर सभेत बोलणे त्यांनी जवळजवळ सोडूनच दिले. ही हकीकत त्यांनी मला सांगितली तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा कोडेच अधिक होते. ते हिशेबखात्यातले, एका पैची चूक ते राहू देत नसत. मग हा एक ‘ने’ त्यांच्या हातून चाळीस वर्षे कसा निसटत राहिला?

घरात नातीने हा ‘ने’ सुधारण्याचा विडा उचलला होता. ‘आबा, मैं नाही, मैंने म्हणा,’ असे ती म्हणे. आबा हसून म्हणत, ‘हाँ बाबा, मैंने. मैंने चिट्ठी लिखी.’ आणि दोन वाक्ये पुढे गेली न गेली तोच, ‘फिर मैं उसको पूरी बात बतायी.’

श्रोतेहो, अशा चुकीला आपण सहसा दोनच नावे देतो, निष्काळजीपणा किंवा मंदपणा. ही दोन्ही नावे येथे लागू पडत नाहीत, आणि ती का पडत नाहीत हे त्यांच्या वाक्यांकडे जरा बारकाईने पाहिले की आपोआप दिसते. एका संध्याकाळी त्यांच्या संमतीने मी वही घेऊन बसलो व ते बोलतील तसतशी वाक्ये टिपत गेलो. वहीतून जे निघाले ते मोठे नीटनेटके होते. ‘उसने चिट्ठी लिखी’, ‘लड़के ने दरवाज़ा खोला’, ‘उन्होंने मना किया’, ही तृतीयपुरुषी वाक्ये सगळीच्या सगळी बिनचूक होती. चुकत होते ते ‘मैं’ आणि ‘हम’. आणि समोरच्याला उद्देशून बोलताना ‘तुम’ आणि ‘आप’. ‘आप खाना खाया?’ असे ते अगदी अगत्याने विचारीत. आणखी एक गोष्ट अशी, की ‘ने’ गळला तरी क्रियापद मात्र चुकत नव्हते. चिट्ठी ‘लिखी’, दरवाज़ा ‘खोला’, रोटियाँ ‘खायीं’: क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बरोबर वळत होते.

निष्काळजी माणसाच्या चुका अशा रांगेत उभ्या राहत नाहीत. या चुकांच्या मागे एक नियम आहे, आणि तो कोठून आला हे आपल्याला मराठीत लगेच सापडते. ‘त्याने चिट्ठी लिहिली’, ‘रामाने चिट्ठी लिहिली’. पण ‘मी चिट्ठी लिहिली’, ‘आम्ही चिट्ठी लिहिली’, ‘तू चिट्ठी लिहिलीस’, ‘तुम्ही चिट्ठी लिहिलीत’. मराठीत तृतीयपुरुषाला ‘ने’ लागतो. प्रथम आणि द्वितीय पुरुषाला वेगळा प्रत्यय दिसत नाही. जुन्या मराठीत ‘म्यां’ असे निराळे रूप होते आणि खेड्यापाड्यांत ते पुढेही ऐकू येत राहिले, परंतु प्रमाण भाषेतून ते गेले. क्रियापद मात्र मराठीतही कर्माच्या मागे जाते. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचे ‘मैं चिट्ठी लिखी’ हे मोडके हिंदी नव्हते. त्याचे शब्द हिंदी होते आणि त्याचा सांगाडा मराठी होता. त्याच गल्लीत एक बंगाली कुटुंब होते. त्यांच्याकडचे आजोबा ‘हम रोटी खाया’ म्हणत. बंगालीत असा ‘ने’ कोणत्याच पुरुषाला लागत नाही आणि क्रियापदाला लिंगभेदही नाही, त्यामुळे त्यांच्याकडे ‘ने’ही नव्हता आणि ‘खायी’ही नव्हती. दोघेही तीच हिंदी ऐकत होते, पण दोघांची चूक सारखी नव्हती.

चुकीकडे अशा नजरेने पाहण्याची वाट एडिंबरा येथील भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मधील एका निबंधात दाखवून दिली. थकव्याने किंवा घाईने जीभ घसरते ती चूक वेगळी. ती बोलणाऱ्याची त्यालाच खटकते आणि तो ती तिथल्या तिथे सावरतो. दुसऱ्या जातीची चूक बोलणाऱ्याला चूक वाटतच नाही, कारण त्याच्या त्या वेळच्या नियमानुसार ती बरोबरच असते. पुढे 1972 साली अमेरिकेतील लॅरी सेलिंकर यांनी त्या नियमांच्या संपूर्ण व्यवस्थेला एक नाव दिले. मराठीत आपण तिला आंतरभाषा म्हणू. ती मातृभाषा नव्हे आणि शिकायची भाषाही नव्हे. दोहोंच्या मधल्या मुक्कामावर शिकणाऱ्याने स्वतःपुरती उभारलेली ती एक भाषा असते. शिकणारा पुढे सरकतो तसतशी ती बदलत जाते. परंतु काही जागी ती बदलायची थांबते, आणि वर्षानुवर्षे ऐकले, बोलले, समजावून घेतले तरी तेथून हलत नाही. या थांबण्याला सेलिंकर यांनी दगड बनलेल्या प्राण्यांवरून नाव दिले. आपण त्याला अश्मीभवन म्हणावे. त्यांनी असेही दाखवून दिले की गेलेली वाटणारी चूक माणूस नव्या अवघड विषयावर बोलू लागला, घाबरला किंवा उलट अगदी सैलावून बसला की पुन्हा डोके वर काढते.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. आबा काही सगळ्याच बाबतींत अडले नव्हते. कानपूरला आले तेव्हा ते ‘बहुत मज़ा आयी’ म्हणत असत, कारण मराठीत मजा स्त्रीलिंगी आहे; आणि ‘आपका आवाज़’ म्हणत, कारण मराठीत आवाज पुल्लिंगी. या दोन्ही गोष्टी वर्षा-दोन वर्षांत सुटल्या. मग ‘ने’च का अडला? वय हे एक उत्तर लोक देतात, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. त्यांचा मुलगा चौथ्या वर्षी तिकडे गेला. त्याच्या हिंदीत हा दोष नाही. परंतु वय हेच सर्व कारण असते तर ‘मज़ा’ आणि ‘आवाज़’ही अडायला हवे होते. चोवीस वर्षांच्या माणसाने हजारो गोष्टी शिकल्या आणि एक शिकली नाही, याचे कारण त्या एका गोष्टीतच शोधावे लागते.

‘मज़ा आया’ हा जोडशब्दासारखा कानावर पडतो. तो दिवसातून चार वेळा, तोच आणि तसाच ऐकू येतो, आणि ‘आया’ हा उच्चार स्पष्ट व ठसठशीत असतो. ‘मैंने’ मधला ‘ने’ तसा नाही. त्यावर आघात नाही, बोलण्याच्या ओघात तो चपटा होऊन जातो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच्यावाचून अर्थाचे काहीच अडत नाही. ‘मैं चिट्ठी लिखी’ म्हटल्यावर चिट्ठी कोणी लिहिली याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात तिळमात्र शंका उरत नाही. तेव्हा तो थांबवून विचारीत नाही. फार तर म्हणतो, ‘अच्छा, आपने चिट्ठी लिखी, फिर?’ या वाक्यात दुरुस्ती आहे. पण आबांना ती दुरुस्ती म्हणून ऐकू येतच नाही, ती होकार म्हणून ऐकू येते. चाळीस वर्षांत अशा किती दुरुस्त्या त्यांच्या कानांवरून गेल्या असतील! त्या पोहोचल्या नाहीत, कारण प्रत्येक वेळी संभाषण यशस्वी झाले होते.

आता आणखी एक वाक्य पाहू. आबा म्हणत, ‘उसने किताब लायी.’ येथे तर ‘ने’ आहे, आणि तरीही वाक्य चूक आहे. हिंदीत ‘लाना’ हे सकर्मक असून ‘ने’ घेत नाही. ‘वह किताब लाया’ असे म्हणावे लागते. मराठीत ‘त्याने पुस्तक आणले’ असे आपण म्हणतो, म्हणून मराठी माणूस ‘उसने लायी’कडे ओढला जातो. परंतु त्याला तिकडे ढकलणारे दुसरेही एक बळ आहे, आणि ते खुद्द हिंदीतलेच आहे. ‘उसने देखी’, ‘उसने खरीदी’, ‘उसने पढ़ी’ असे शेकडो सकर्मक धातू ‘ने’ घेतात, तेव्हा ‘लाना’नेही घ्यावा असे अनुमान कोणीही करील. मातृभाषेची सवय आणि नव्या भाषेतला नियम ताणण्याची वृत्ती अशी दोन कारणे जेथे एकाच दिशेला ओढतात, तेथे चूक अधिक चिवट होते, असे मत सेलिंकर आणि उषा लक्ष्मणन यांनी 1992 साली मांडले. मला ते पटते. ‘मज़ा आयी’च्या मागे एकटी मराठी होती, ‘उसने लायी’च्या मागे मराठीही आहे आणि अर्धी हिंदीही.

पण मग शिकवून काय होते? याविषयी अमेरिकेतील एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. 1973 च्या सुमारास केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे स्पॅनिश बोलणाऱ्या सहा जणांचे इंग्रजी दहा महिने टिपून ठेवण्यात आले. त्यांत कोस्टा रिकाहून आलेला तेहतीस वर्षांचा एक कामगार होता. जॉन शूमन यांनी आपल्या अभ्यासात त्याला आल्बर्टो हे नाव दिले आहे. स्पॅनिशमध्ये नकारार्थी शब्द ‘नो’ सरळ क्रियापदाच्या आधी ठेवतात. आल्बर्टोही इंग्रजीत ‘आय नो अंडरस्टँड’ अशा घाटाची वाक्ये बोले. बाकीच्यांच्याही बोलण्यात प्रारंभी हे रूप होतेच. ते हळूहळू मागे टाकून ते पुढे सरकले. आल्बर्टो दहा महिन्यांअखेर जवळजवळ तिथेच होता. तेव्हा शूमन यांनी त्याला मुद्दाम नकाराचे नियम शिकवले आणि सराव करून घेतला. नंतर समोर एक वाक्य ठेवून ‘याचा नकार कर’ असे म्हटले, की त्याची उत्तरे पूर्वीपेक्षा पुष्कळच सुधारलेली येत. परंतु तोच मनुष्य गप्पा मारू लागला की त्याचा नकार होता तिथेच होता. आकड्यांत जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता.

म्हणजे नियम ठाऊक असणे आणि तो बोलताना हाताशी येणे ही दोन निराळी कामे आहेत. बोलणाऱ्याचे लक्ष आशयावर असते. शब्द जुन्या पायवाटेने येतात, आणि शिकलेला नियम मागाहून धापा टाकीत पोहोचतो. नातीने टोकल्यावर ‘हाँ, मैंने’ म्हणणारे आबा आणि दोन वाक्यांनंतर ‘मैं’वर परतणारे आबा यांत मग विसंगती उरत नाही.

शूमन यांनी आल्बर्टोच्या अडण्याचे कारण समाजात शोधले. तो आपल्याच लोकांत राही, इंग्रजी बोलणाऱ्यांत मिसळत नसे, कामापुरती भाषा आली की त्याचे भागे. हे स्पष्टीकरण मोहक आहे, पण पुरेसे नाही. रिचर्ड श्मिट यांनी 1983 साली हवाई बेटांवर राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा तीन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा गृहस्थ इंग्रजी बोलणाऱ्यांत मनमुराद मिसळे, संभाषणात रंगे, लोकांना आवडे. पण त्याचे व्याकरण तीन वर्षांत फारसे हलले नाही. कानपूरच्या गल्लीत भांडणे मिटवणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांविषयीही ते समाजापासून दूर राहिले असे कोण म्हणेल?

दीर्घ काळाचा पुरावा हवा असेल तर डॉना लार्डिएर यांचा अभ्यास पाहावा. त्यांनी जिचे बोलणे टिपले ती चिनीभाषी बाई बावीस वर्षांची असताना अमेरिकेत आली, तेथेच शिकली, आणि सर्व दिवस इंग्रजीत वावरू लागली. अभ्यासात तिला पॅटी म्हटले आहे. तिचे पहिले ध्वनिमुद्रण ती येऊन दहा वर्षे झाल्यावर झाले व पुढची सुमारे नऊ वर्षांनी. दोन्ही वेळी, जेथे भूतकाळाचा प्रत्यय हवा अशा शंभर जागांपैकी जेमतेम चौतीस-पस्तीस जागी तो येत होता. नऊ वर्षांत आकडा हलला नाही. पण तीच बाई ‘ही’ आणि ‘हिम’, ‘शी’ आणि ‘हर’ यांत कधीही चुकत नव्हती, आणि चिनीत तर सर्वनामांची अशी निराळी रूपे मुळीच नाहीत! मातृभाषेत नसलेली एक गोष्ट पूर्ण आली, दुसरी एक-तृतीयांशावर अडली.

याचा एक भाग तोंडाशी निगडित आहे. इंग्रजीतला नियमित भूतकाळ ‘वॉक्ट’सारख्या शब्दांच्या शेवटी व्यंजनांची गर्दी करतो, आणि चिनीत शब्दान्ती अशी गर्दी चालत नाही. ‘वेंट’सारखी अनियमित रूपे तिच्या बोलण्यात त्यापेक्षा बरीच अधिक वेळा येत. पत्र लिहिताना तर भूतकाळाचे प्रमाण पुष्कळच वाढे. म्हणजे भूतकाळ तिला कळत नव्हता असे नव्हे. तेव्हा ‘ही चूक अडली’ एवढे म्हणून थांबू नये. ती बोलण्यात अडली की लिहिण्यातही, सर्व शब्दांत की काहींतच, हे पाहिले तर नेमके काय अडले ते हाती लागते. आबांच्या पत्रांत मी हे पाहिले. हिंदीत लिहिलेल्या पत्रांत ‘मैंने’ बहुतेक जागी होता. ‘उसने लायी’ मात्र पत्रांतही तसेच होते. पहिली चूक जिभेच्या सवयीची होती, दुसरी ज्ञानाचीच होती. दोन्हींना एकच औषध चालणार नव्हते.

अश्मीभवन हा शब्द मात्र जपून वापरावा लागतो. अमुक चूक आता कधीच सुटणार नाही असे म्हणायला माणसाचे सगळे आयुष्य पाहावे लागेल. म्हणून मायकेल लाँग यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात, की चूक स्थिरावली आहे एवढेच दिसते. ती कायमची झाली हे अनुमान आहे. दुसरीही एक अडचण आपल्या देशात विशेष जाणवते. सेलिंकर यांनी आपल्या निबंधात भारतीय इंग्रजीचाही उल्लेख अश्मीभूत आंतरभाषेचे उदाहरण म्हणून केला होता. ब्रज कचरू यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी ही दृष्टी मान्य केली नाही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या एक रीत सर्वांच्या तोंडी आहे आणि मूल तीच ऐकत वाढते, तेथे ती रीत कोणाची अपुरी राहिलेली शिकवणूक नव्हे. ती त्या समाजाची बोली आहे. मुंबईच्या बाजारात ‘मैं खाना खाया’ म्हणणारा माणूस म्हणूनच अडलेला नाही. तो भोवतालची हिंदी नीट शिकला आहे. तेच वाक्य कानपूरला, जेथे सभोवती सारे ‘मैंने’ म्हणतात तेथे, निराळ्या जातीचे ठरते.

आबांच्या नातीने पुढे टोकणे सोडून दिले. त्याऐवजी तिने एक दिवस त्यांना कानपूरला उतरल्याच्या पहिल्या दिवसाची हकीकत हिंदीत सांगायला लावली, ती फोनवर ध्वनिमुद्रित केली, आणि पेन्सिल हातात देऊन त्यांनाच ऐकायला बसवले. प्रत्येक ‘मैं’ला खूण करायची, एवढेच काम. पहिल्या काही वाक्यांतच आबा थांबले. ‘मी असे म्हणतो?’ त्यांनी मराठीत विचारले. आपण ‘मैंने’च म्हणतो, क्वचित कधी चुकते, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. हिशेबनिसाच्या चिकाटीने त्यांनी सबंध हकीकतीला खुणा केल्या. मग तीच हकीकत दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितली, आठवड्याने पुन्हा सांगितली. आशय पाठ झाल्यामुळे मन मोकळे राही आणि त्या मोकळ्या मनाला ‘ने’कडे पाहण्यास सवड मिळे. महिन्या-दीड महिन्यात त्या हकीकतीत, मग तशाच इतर हकीकतींत, ‘मैंने’ बराच नियमाने येऊ लागला. तेवढ्यात दूधवाल्याशी हिशेबावरून वाजले, आणि आबा दारात उभे राहून गरजले, ‘मैं परसों ही पैसे दिये थे!’ नात आतून हसली. आबांनीही मागे वळून पाहिले, आणि दूधवाला उभा असतानाच वाक्य पुन्हा म्हटले, या वेळी ‘ने’ लावून.

‘उसने लायी’ची गोष्ट निराळी झाली. ‘लाना’ ‘ने’ घेत नाही हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी ते खरे मानले नाही. नातीला हाक मारून विचारले. ती म्हणाली, ‘आबा, बरोबरच आहे की. पापा ने किताब लायी.’ ती कानपूरलाच जन्मलेली; पण घरात हे वाक्य तिने आबांच्या तोंडूनच ऐकले होते. मग आम्ही तिघे तिचे शाळेतले जुने व्याकरण शोधू लागलो.